सीव्हीत सर्टिफिकेशन्स भरपूर, तरी दर वेळी तोच प्रश्न: "हे अजून व्हॅलिड आहे का?"

लक्षणं ओळखीची आहेत. सीव्हीत सात-आठ सर्टिफिकेशन्स आहेत, पण रिक्रूटरचा फोन आला की आधी चौकशी सुरू होते: "एडब्ल्यूएसचं नेमकं कुठलं केलंय? कधी? व्हॅलिड आहे ना?" कधी फोनच येत नाही. आणि कधी सगळ्या फेऱ्या पार पडतात, ऑफर येते आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये गाडी अडते, कारण सीव्हीत नुसतं 'सीसीएनए' लिहिलेलं असतं आणि सिस्कोकडे तपासल्यावर ते दोन वर्षांपूर्वीच संपल्याचं कळतं.

तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. सर्टिफिकेशनची ओळख पटायला तीन गोष्टी लागतात: पूर्ण नाव, देणारी संस्था आणि आजची स्थिती. यातली एकही गोष्ट गाळली की वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. शंभर-दीडशे सीव्ही समोर असलेला माणूस अंदाज करत बसत नाही, पुढच्या सीव्हीकडे जातो.

मी क्लाउड आणि इन्फ्रास्ट्रक्चरच्या जागांसाठी सीव्ही वाचतो आणि मुलाखती घेतो, म्हणून उदाहरणं त्याच क्षेत्रातली देतो. या क्षेत्रात हा घोळ सगळ्यात जास्त होतो, कारण इथल्या बऱ्याच सर्टिफिकेशन्सना मुदत असते आणि प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी असते.

एक सीव्ही, जसा आला तसा

जून 2025 मधला हा सीव्ही. उमेदवार पुण्यात सहा वर्षं सर्व्हर सपोर्टमध्ये होता आणि अर्ज क्लाउड ऑपरेशन्सच्या जागेसाठी होता. जाहिरातीत एडब्ल्यूएस आणि लिनक्स मागितलं होतं. सर्टिफिकेशनचा भाग असा:

```
CERTIFICATIONS
1. MS-CIT
2. MCSA
3. CCNA
4. Azure Certified
5. Python Bootcamp
6. AWS SAA
7. RHCSA (Pursuing)
```

मुलगा कामाचा होता. पण या सात ओळींत एकही तारीख नाही, एकाही संस्थेचं नाव नाही, आणि जागेला हवं असलेलं एडब्ल्यूएस सहाव्या क्रमांकावर आहे. क्रम त्याने ज्या क्रमाने केलं तसाच, शाळेपासून सुरू.

त्याला आधी एकच काम सांगितलं: सीव्हीला हात लावायचा नाही, प्रत्येक कंपनीच्या पोर्टलवर लॉगिन करायचं आणि तिथे जे दिसतं ते कागदावर उतरवायचं. आठवणीवर विसंबून तारखा लिहायच्या नाहीत. पोर्टलवरून हे निघालं: एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, मार्च 2023 ला पास, मुदत मार्च 2026 पर्यंत. सीसीएनए नोव्हेंबर 2020 चं, म्हणजे नोव्हेंबर 2023 ला संपलेलं. 'अझ्युर सर्टिफाइड' म्हणजे प्रत्यक्षात अझ्युर फंडामेंटल्स, सप्टेंबर 2021. एमसीएसए 2019 चं, विंडोज सर्व्हर 2016 वरचं. आरएचसीएसएची परीक्षा ऑगस्ट 2025 साठी बुक केलेली. पायथनचं तर सर्टिफिकेशन नव्हतंच, तो व्हिडिओ कोर्स पूर्ण केल्याचा दाखला होता.

सात ओळींमागे इतक्या वेगवेगळ्या स्थिती होत्या: एक चालू, एक संपलेलं, एक कधीच न संपणारं, एक बंद झालेलं, एक अजून न मिळालेलं. सीव्हीत मात्र सगळी एकसारखी दिसत होती.

मुदत: "तीन वर्षं" हे सगळ्यांना लागू नाही

एडब्ल्यूएस, सीसीएनए आणि रेड हॅट यांची मुदत तीन वर्षं आहे, म्हणून बरेच जण सगळीकडे तीनच धरतात. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असोसिएटसारख्या सर्टिफिकेशनची मुदत एकच वर्ष असते. ते ऑनलाइन, फुकट रिन्यू करता येतं आणि ती खिडकी मुदत संपण्याच्या सहा महिने आधी उघडते. पण तारीख उलटली की रिन्यूअल नाही, पैसे भरून पूर्ण परीक्षा पुन्हा. याउलट त्याच मायक्रोसॉफ्टची फंडामेंटल्सची सर्टिफिकेशन्स संपत नाहीत. कुबरनेटीसच्या सीकेएची गंमत आणखी वेगळी: 1 एप्रिल 2024 पूर्वी मिळवलं असेल तर 36 महिने, त्यानंतर मिळवलं असेल तर 24 महिने. एकाच टीममधल्या दोघांचं सीकेए एकाच नावाचं असूनही मुदत वेगळी असू शकते.

म्हणून नुसतं मिळवल्याचं वर्ष लिहून भागत नाही. 'सीकेए, 2023' वाचून ते आज चालू आहे की नाही हे वाचणाऱ्याला कळणार नाही. मिळवल्याचा महिना आणि मुदतीचा महिना, दोन्ही लिहा. दिवस लिहायची गरज नाही. महिना इंग्रजी अक्षरांत लिहा, कारण 03/04/2024 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल आणि अमेरिकन क्लायंटसाठी 4 मार्च.

न संपणाऱ्या सर्टिफिकेशनपुढे तसं स्पष्ट लिहिलेलं बरं, नाहीतर 2021 पाहून वाचणारा ते संपलं असं समजतो. रिन्यू केलेल्याचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. पहिल्यांदा मिळवल्याचं वर्ष ठेवा आणि सध्याची मुदत लिहा. मधल्या सगळ्या रिन्यूअलची यादी नको.

```
Microsoft Certified: Azure Administrator Associate (AZ-104)
Microsoft | Feb 2022, renewed, valid through Feb 2026
```

यातून चार वर्षं सातत्याने टिकवलंय हे आपोआप दिसतं.

कंपन्यांना चालू सर्टिफिकेशनच का हवं असतं, हेही माहीत असावं. एडब्ल्यूएसच्या भागीदार कंपन्यांना आपला दर्जा टिकवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, आणि बऱ्याच क्लायंटच्या निविदांना इंजिनिअरची सर्टिफिकेट्स जोडावी लागतात. तिथे संपलेल्याचा उपयोग शून्य. तुम्हाला विषय किती येतो याच्याशी त्या प्रश्नाचा संबंध नसतो, मोजणीशी असतो. हे कळलं की रिक्रूटरचा तो प्रश्न खटकत नाही.

नाव पूर्ण, शॉर्टफॉर्म सोबत

रिक्रूटर डेटाबेसमध्ये शोधतो तेव्हा तो कुठला शब्द टाकेल हे आपल्या हातात नसतं. एक जण शॉर्टफॉर्म टाकतो, दुसरा पूर्ण नाव. म्हणून दोन्ही एकदा एकत्र लिहायचं, बस. पूर्ण नाव कंपनीच्या पानावर जसं आहे तसंच उतरवा. 'अझ्युर सर्टिफाइड' नावाचं सर्टिफिकेशन अस्तित्वात नाही, आणि तसं लिहिलं की जाणकार वाचणाऱ्याला लगेच वाटतं की पातळी लपवलेली आहे. आपल्या उमेदवाराने मुद्दाम लपवलं नव्हतं, पण परिणाम तोच.

परीक्षेचा कोड आणि सर्टिफिकेशनचा शॉर्टफॉर्म यांत गल्लत होते. एसएए-सी03 हा परीक्षेच्या आवृत्तीचा कोड आहे. पुढची आवृत्ती आली की तो बदलतो, सर्टिफिकेशनचं नाव तेच राहतं. त्यामुळे एडब्ल्यूएससाठी कोड नाही दिला तरी चालतं. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत मात्र लोक कोडनेच बोलतात, 'एझेड-104 झालंय का?' असंच विचारतात, तिथे कोड जरूर द्या. कुठे काय द्यायचं हे त्या क्षेत्रातली माणसं फोनवर काय बोलतात त्यावरून ठरवा.

काही शॉर्टफॉर्मना दोन अर्थ असतात. सीएसएम हे सर्टिफाइड स्क्रममास्टरही आहे आणि कस्टमर सक्सेस मॅनेजरही. असा शॉर्टफॉर्म एकटा कधीच सोडू नका.

आणि नावापुढे शेपूट लावण्याबद्दल. आपल्याकडे नावापुढे पदव्या लिहायची जुनी सवय आहे, तिथे आता सर्टिफिकेशन्सही यायला लागली आहेत. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं पीएमपी किंवा सायबर सुरक्षेचं सीआयएसएसपी नावापुढे लिहिण्याची पद्धत आहे, आणि जागेच्या जाहिरातीत तेच मागितलं असेल तर जरूर लिहा. पण ते चालू असलं पाहिजे. पीएमपीला दर तीन वर्षांत 60 पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, भरावे लागतात. ते भरले नाहीत तर सर्टिफिकेशन निलंबित होतं आणि त्या काळात नावापुढे पीएमपी लावता येत नाही. फंडामेंटल्स पातळीची सर्टिफिकेशन्स नावापुढे लावू नयेत, त्याने वजन वाढत नाही, उलट कमी होतं.

'पर्स्युइंग' हा शब्द काढून टाका

या एका शब्दाखाली इतक्या गोष्टी लपतात की अनुभवी माणूस तो वाचतच नाही. कोणी पुस्तक विकत घेतलेलं असतं, कोणी क्लास लावलेला असतो, कोणी परीक्षा बुक केलेली असते, कोणाची परीक्षा पास होऊन फक्त अनुभवाची अट राहिलेली असते. चौघेही 'पर्स्युइंग' लिहितात.

माझी कसोटी सोपी आहे: परीक्षेची तारीख बुक झाली असेल तर ओळ लिहा आणि महिना द्या. तारीख नसेल तर सर्टिफिकेशनच्या भागात काही लिहू नका. अभ्यास खरोखर चालू असेल तर तो कौशल्यांत किंवा प्रोजेक्टमध्ये दिसू द्या. घरच्या लॅबमध्ये लिनक्स सर्व्हर उभे केले असतील तर ते लिहा, ते 'पर्स्युइंग'पेक्षा कितीतरी बोलकं आहे.

परीक्षा पास पण सर्टिफिकेशन अजून नाही, ही स्थिती नाजूक असते आणि तिथे संस्थांचे स्वतःचे नियम असतात. सीआयएसएसपीसाठी साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो. तो नसताना परीक्षा पास झालात तर तुम्ही 'असोसिएट ऑफ आयएससी2' असता, सीआयएसएसपी नव्हे, आणि सीव्हीत सीआयएसएसपी असं लिहिता येत नाही. फायनान्सवाल्यांसाठी सीएफएचं उदाहरण महत्त्वाचं आहे: पहिली पातळी पास झालेला माणूस नावापुढे 'सीएफए लेव्हल 1' असं लावू शकत नाही. त्याने सरळ वाक्यात लिहायचं:

```
Passed Level I of the CFA Program
```

हे नियम संस्थेच्या संकेतस्थळावर असतात, सीव्ही पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या.

आणि बुक केलेली तारीख उलटून गेली की ती ओळ त्याच आठवड्यात बदला. ऑगस्टमध्ये परीक्षा असं लिहिलेला सीव्ही डिसेंबरमध्ये फिरत राहिला, तर वाचणारा एकच निष्कर्ष काढतो की तुम्ही नापास झालात. कदाचित तुम्ही परीक्षा पुढे ढकलली असेल, पण ते सांगायला तुम्ही तिथे नसता.

संपलेलं ठेवायचं की काढायचं

यावर टोकाची मतं ऐकायला मिळतात. माझं मत असं: जागेशी संबंध असेल आणि त्या विषयात तुम्ही आजही मुलाखत देऊ शकत असाल तर ठेवा, पण संपल्याचं स्पष्ट लिहा. दोन्ही वर्षं लिहिली की पुरे, माफी मागायची गरज नाही. संबंध नसेल तर काढा.

जे करू नये ते हे: मिळवल्याची तारीख द्यायची आणि मुदतीबद्दल गप्प राहायचं. 'सीसीएनए, 2020' हे खोटं नाही, पण वाचणारा ते चालू धरेल अशी आशा त्यात आहे. व्हेरिफिकेशनमध्ये ते उघड होतं तेव्हा बाकीच्या सीव्हीवरचाही विश्वास जातो. पाच मिनिटांच्या दुरुस्तीसाठी ऑफर पणाला लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

संपलेलं आणि बंद झालेलं यांत फरक आहे. मायक्रोसॉफ्टने एमसीएसएच्या उरलेल्या परीक्षा 31 जानेवारी 2021 ला बंद केल्या. ते तुम्ही रिन्यू केलं नाही असं नाही, आता ते कोणालाच मिळू शकत नाही. अशा सर्टिफिकेशनला वरच्या यादीत जागा देण्यापेक्षा ज्या नोकरीत ते मिळवलं त्या नोकरीखाली एक ओळ द्या. तिथे ते शोभतं, कारण त्या काळात तुम्ही विंडोज सर्व्हरवर काम करत होतात हे त्यातून कळतं.

दुरुस्तीनंतर

```
CERTIFICATIONS
AWS Certified Solutions Architect – Associate (SAA)
  Amazon Web Services | Mar 2023, valid through Mar 2026
Microsoft Certified: Azure Fundamentals (AZ-900)
  Microsoft | Sep 2021, no expiry
Red Hat Certified System Administrator (RHCSA)
  Red Hat | exam scheduled Aug 2025
Cisco Certified Network Associate (CCNA)
  Cisco | Nov 2020, expired Nov 2023
```

क्रम कसा ठरला ते सांगतो. आधी चालू असलेली, त्यांत जागेला सर्वांत जवळचं वर. मग येऊ घातलेलं, मग संपलेलं. तारखांच्या उलट क्रमाने लावा असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि यादी मोठी असेल तर तो वाईट नाही, पण इथे त्याने आरएचसीएसए सगळ्यांत वर गेलं असतं, म्हणजे जे अजून हातात नाही ते पहिलं. मोह तिथेच होतो, कारण जाहिरातीत लिनक्स आहे. तरीही जे मिळालंय ते आधी.

हीच व्यक्ती नेटवर्कच्या जागेसाठी अर्ज करत असती तर? सीसीएनए संपलेलं असल्यामुळे तेव्हाही ते खालीच राहिलं असतं, आणि मी त्याला अर्ज करण्याआधी ते पुन्हा द्यायला सांगितलं असतं. क्रमाच्या खटपटीने ती उणीव भरून निघत नाही.

पायथनचा कोर्स गेला. कोर्स पूर्ण केल्याचा दाखला आणि परीक्षा देऊन मिळालेलं सर्टिफिकेशन एका यादीत ठेवलं की खऱ्या सर्टिफिकेशनची किंमत उतरते. फ्रेशर असाल आणि दुसरं काही नसेल तर 'कोर्सेस' असा वेगळा मथळा करा. एमसीएसए 2019 च्या नोकरीखाली गेलं.

एमएस-सीआयटी काढताना त्याला वाईट वाटलं, बऱ्याच जणांना वाटतं. खासगी आयटी कंपनीच्या सीव्हीत सहा वर्षांच्या अनुभवानंतर त्याची गरज उरत नाही. पण महाराष्ट्र शासनाच्या अनेक पदांसाठी संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्र मागतात. तिथे ते ठळकपणे लिहा, उत्तीर्ण झाल्याचा महिना-वर्ष प्रमाणपत्रावरून पाहून द्या आणि मूळ प्रमाणपत्र जपून ठेवा. म्हणजे सरकारी अर्जाचा सीव्ही आणि आयटीचा सीव्ही वेगळे ठेवायचे.

तरीही सर्चमध्ये येत नसेल तर

मजकूर बरोबर असूनही सॉफ्टवेअरला तो दिसत नाही असं होतं. तपासायला सोपं आहे: सीव्हीची पीडीएफ उघडा, Ctrl+A, Ctrl+C करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. सर्टिफिकेशनची नावं तिथे आलीच नाहीत तर ती चित्रात आहेत. बॅजची रंगीत चित्रं लावणाऱ्यांचं हमखास असं होतं. नावं आली पण तारखा भलत्याच ओळींना चिकटल्या, तर दोन कॉलमचं टेम्प्लेट किंवा टेबल दोषी आहे. साध्या एका कॉलममध्ये आणा आणि पुन्हा पेस्ट करून बघा.

त्यानंतर लिंक्डइन. तिथे सर्टिफिकेशनला मिळाल्याची आणि संपण्याची तारीख वेगवेगळी भरता येते, क्रेडेन्शियल आयडी आणि लिंकही देता येते. लांबलचक आयडी सीव्हीत नकोत, ते इथे द्या. सीव्हीत तारीख एक आणि लिंक्डइनवर दुसरी असेल तर पोर्टल पुन्हा उघडून दोन्ही जुळवा.

शेवटची अडचण खास आपल्याकडची आहे. सर्टिफिकेट कुठल्या नावाने आहे ते बघा. परीक्षेला नोंदणी करताना कोणी नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं लिहितं, कोणी आडनाव आधी, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची जुनी सर्टिफिकेट्स माहेरच्या नावाने असतात. व्हेरिफिकेशन करणारा नाव जुळवून बघतो आणि जुळलं नाही की केस लांबते. बहुतेक कंपन्यांना ओळखपत्र पाठवून खात्यावरचं नाव दुरुस्त करून घेता येतं, पण त्याला दिवस जातात. ऑफर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा अर्ज सुरू करण्याआधी हे करून घ्या, आणि तोवर व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये 'पूर्वीचं नाव' हा रकाना रिकामा सोडू नका.